शिकता शिकता : न बोलायचा भूतकाळ



बारावीला फ्रेंच घेतलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. वडील गिरणीतून निवृत्त झालेले, घरात इंग्रजीच जेमतेम, तेव्हा फ्रेंच विचारायचे कुणाला? वर्गात तिला चांगले गुण मिळतात. भूतकाळही तिने शिकला आहे. म्हणून तिने ग्रंथालयातून लहान मुलांच्या परीकथांचे एक फ्रेंच पुस्तक आणले आणि पहिल्याच पानावर अडली. प्रत्येक ओळीत असे क्रियापद, की जे वर्गात कधी ऐकले नाही आणि शब्दकोशातही सापडत नाही. ती लिहिते, ‘लहान मुलांचे पुस्तकसुद्धा मला वाचता येत नाही, तर मी हा विषय सोडावा का?’

मुली, विषय सोडू नकोस. तुला अडवणारा काळ तुला अजून कुणी दाखवलेलाच नाही.

फ्रेंचमध्ये ‘तो बोलला’ हे सांगण्याचे दोन मार्ग आहेत. बोलताना, पत्रात, घरी, बाजारात फ्रेंच माणूस ‘इल आ पार्ले’ म्हणतो. हा दोन शब्दांचा, संयुक्त भूतकाळ होय. पण कथा लिहिणारा ‘इल पार्ला’ असे एकाच शब्दात लिहितो. याला फ्रेंचमध्ये ‘पासे साँप्ल’ म्हणजे साधा भूतकाळ म्हणतात. अर्थ तोच, ‘तो बोलला’. पूर्वी हा काळ बोलण्यातही होता. पुढे तो बोलण्यातून मागे पडत गेला आणि पुस्तकात राहिला. आज कुणी तो दुकानात वापरला तर समोरचा हसेल. म्हणूनच बोलायला शिकवणारे शिक्षक तो सुरुवातीला शिकवत नाहीत. मात्र परीकथा उघडली की पहिल्या पानापासून तोच भेटतो.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. पालीमध्ये ‘होति’ म्हणजे ‘आहे’, आणि सुत्तांत व जातककथांत ‘होता’ यासाठी ‘अहोसि’ येते. ‘गच्छति’चे ‘अगमासि’ होते. विहारात हे शब्द आपण ऐकतो, अर्थ समजून घेतो, पण पाली कुणी घरी बोलत नाही. शिवाय ‘अहोसि’ हा शब्द मूळ क्रियापद ठाऊक असल्याखेरीज कोशात नेमका कुठे पाहावा हे कळत नाही. फ्रेंचमधली अडचण अगदी हीच आहे.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. हा काळ बोलायचा नाही, लिहायचाही नाही, फक्त ओळखायचा आहे. त्यामुळे ओझे बरेच हलके होते. परीकथेत बहुतेक वेळा ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ काहीतरी करतात. म्हणून आधी तृतीय पुरुषच शिकावा. ज्या क्रियापदांच्या मूळ रूपाच्या शेवटी ई-आर ही अक्षरे असतात, त्यांना एकवचनात ‘आ’ लागतो : पार्ला, आन्त्रा (आत शिरला). अनेकवचनात ‘एर’ लागतो : पार्लेर, आन्त्रेर. ‘जाणे’ या क्रियापदाचे रूप मराठी माणूस विसरणारच नाही. ते आहे ‘आला’, आणि त्याचा अर्थ आहे ‘गेला’!

बाकीच्या क्रियापदांत आवाज तीन प्रकारचा असतो. ‘ई’चा, जसे प्री (घेतले), फी (केले), व्ही (पाहिले). ‘यु’चा, जसे फ्यु (होता, झाला), यु (जवळ होते, मिळाले), मूर्यु (मेला). आणि नाकातला, जसे व्हँ (आला). लिहिताना या सर्वांच्या शेवटी टी हे अक्षर असते, उच्चारात ते नसते. यांतील फ्यु, यु, फी, व्ही, व्हँ आणि प्री ही सहा रूपे वहीच्या एका पानावर मूळ क्रियापदासह लिहून ठेवावीत. कोशात ‘फ्यु’ शोधून भागत नाही, ‘एत्र’ (असणे) काढावे लागते. ही सहा रूपे पानापानांवर येत असल्याने तेवढ्याने बरीचशी वाट मोकळी होते.

एक छोटी गोष्ट करून पाहू. एक म्हातारी जंगलाच्या कडेला राहत असे. ती रोज विहिरीवर जाई. एके दिवशी तिने लांडगा पाहिला. ती घरात शिरली. तिने काठी घेतली. लांडग्याला भीती वाटली. हे फ्रेंचमध्ये लिहिले तर ‘राहत असे’ आणि ‘जाई’ यांना आबिते आणि आले ही रूपे येतील. हा निराळा, अपूर्ण भूतकाळ. आपल्या कथेतल्या ‘जाई, येई, करी’सारखा तो सवय आणि चालू परिस्थिती सांगतो. ‘एके दिवशी’ आले की काळ बदलतो : व्ही, आन्त्रा, प्री आणि शेवटी यु, कारण फ्रेंच माणसाला भीती ‘असते’. म्हणजे पहिल्या काळाने पडदा रंगवला आणि दुसऱ्याने पात्रे हलवली.

हा फरक चुकला तर गोष्टच बदलते. ‘तो आत शिरला तेव्हा एल शाँते’ म्हणजे ती आधीपासून गात होती. ‘तो आत शिरला तेव्हा एल शाँता’ म्हणजे तो आल्यावर तिने गायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यात त्याने तिचे गाणे चोरून ऐकले असेल, दुसऱ्यात ती त्याच्यासाठी गायली असेल. म्हणून अडल्यावर स्वतःला एकच विचारावे : हे आधीपासून चालू होते, की आता नवीन घडले?

काही फसव्या जागाही सांगतो. ‘दी’ हे ‘म्हणतो’ आणि ‘म्हणाला’ दोन्ही असू शकते. ‘व्ही’ म्हणजे ‘पाहिले’, पण ‘जगतो’ हेही तसेच लिहितात. अशा वेळी शेजारची क्रियापदे पाहावीत. ती भूतकाळी असतील तर हेही बहुधा भूतकाळीच. नायक ‘मी’ म्हणून सांगत असेल तर ‘मी बोललो’ आणि ‘मी बोलत होतो’ यांत लिहिताना शेवटच्या एका एस अक्षराचाच फरक असतो. एस असेल तर ‘बोलत होतो’.

आणखी एक खूण. आजच्या कादंबरीत निवेदक ‘पार्ला’ लिहितो, पण पात्रांच्या तोंडी संवादात ‘आ पार्ले’च येते. म्हणजे पात्रेसुद्धा आपल्यासारखीच बोलतात. सर्वच कादंबऱ्यांत हा काळ असतो असेही नाही. आल्बेर काम्यू यांनी १९४२ सालची ‘लेत्रांजे’ ही कादंबरी मुख्यतः बोलण्यातल्या संयुक्त भूतकाळात लिहिली. उलट शार्ल पेरो यांच्या १६९७ सालच्या परीकथा या साध्या भूतकाळाने भरलेल्या आहेत. म्हणजे पुस्तक मुलांचे म्हणून ते शिकणाऱ्याला सोपे, हा हिशेब येथे चुकतो. फ्रेंच मूल शाळेत जाण्याआधीच आजीच्या, आईच्या तोंडून वाचून दाखवलेल्या गोष्टींतून हा काळ कानाने ओळखत असते. आपल्या मुलीला ती आजी मिळाली नाही, एवढाच फरक आहे.

तेव्हा मुली, तेच पुस्तक पुन्हा ग्रंथालयातून आण. पहिल्या पानावरच्या क्रियापदांखाली पेन्सिलीने हलकी रेघ ओढ, पुस्तक परत करताना ती खोडता येते. ‘आधीपासून’ असेल तिथे एक टिंब, ‘आता घडले’ तिथे दोन टिंबे दे. मग दोन टिंबांची क्रियापदे तेवढी क्रमाने वाच. गोष्टीचा सांगाडा तुझ्या हाती येईल. परीक्षेत मात्र निबंधात आणि तोंडी प्रश्नांत ‘इल आ पार्ले’च लिही आणि बोल.

जयभीम.