ताट रंगवू नका, वाट्या मोजा

तिसरी-चौथीच्या मुलांना 'संतुलित आहार' शिकवायची आपल्याकडची पद्धत साधारण ठरलेली आहे. गोल ताटाचं चित्र, त्याचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग. मग गृहपाठ: 'एका दिवसाच्या जेवणाचं नियोजन करा.' मुलं सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण असे रकाने आखतात, तृणधान्य, डाळ, भाजी, फळ, दूध यांच्यापुढे बरोबरच्या खुणा करतात आणि मोकळी होतात. ही पद्धत निरुपयोगी आहे एवढंच म्हणून मी थांबणार नाही. ती मुलांना चुकीचं शिकवते.

माझी भाची नवी मुंबईतल्या एका शाळेत तिसरीत आहे. तिच्या वहीतलं नियोजन मी पाहिलं. सकाळी ओट्स, दुपारी मूगडाळीचा चिला, रात्री ब्रोकोलीचं सूप. त्या आठवड्यात घरी रोज सकाळी चहा-चपाती होत होती आणि ब्रोकोली तर तिने आयुष्यात खाल्लेली नाही. वहीत तीन स्टार मिळाले. नियोजन अर्थात ताईने, म्हणजे तिच्या आईने, मोबाइलवर बघून लिहिलं होतं. नियोजन म्हणजे आपलं न खाल्लेलं जेवण सुवाच्य अक्षरात लिहिणं, असं ती पोरगी यातून शिकली.

पण खोटं लिहिणं ही यातली लहान गोष्ट झाली. मुलाने अगदी खरं लिहिलं, तरी खुणांची पद्धत त्याला फसवते. कशी, ते एका दिवसावर बघू.

त्यासाठी माप लागतं, आणि ते आपल्याकडे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११च्या आहार मार्गदर्शिकेत वयानुसार 'भाग' दिले होते. धान्याचा एक भाग म्हणजे ३० ग्रॅम कच्चं धान्य किंवा पीठ, म्हणजे साधारण एक चपाती किंवा छोटी वाटीभर भात. डाळीचा भागही ३० ग्रॅमचाच, तीही कच्ची. भाजीचा आणि फळाचा भाग १०० ग्रॅम, दुधाचा १०० मिली. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला धान्याचे ६ भाग, डाळीचे २, दुधाचे ५, पालेभाजीचा १, इतर भाजीचा १, कंदमुळांचा १ आणि फळाचा १. तेल-साखर वेगळी. संस्थेने २०२४मध्ये मार्गदर्शिका नव्याने काढली, त्यात प्रौढांच्या ताटातलं धान्य आणखी खाली आणलं आणि दाणे-बियांना स्वतंत्र जागा दिली. शाळेत मोजायला मात्र जुने भागच सोपे आहेत. बहुतेक आकडे पूर्ण, फार तर अर्धे. तिसरीतल्या मुलाला एवढी बेरीज येते.

आता दिवस घेऊ. मूल काल्पनिक आहे, पण तुर्भ्यात किंवा कोपरखैरण्यात तुम्हाला ते कुठल्याही गल्लीत भेटेल. सकाळच्या सत्रातली पालिकेची शाळा. निघताना चहा आणि चार बिस्किटं. शाळेत खिचडी. घरी आल्यावर दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी वडापाव. रात्री दोन वाट्या भात, एक चपाती, पातळ आमटी.

आधी खुणा करू. धान्य आहे, डाळ आहे, भाजी आहे, चहात दूध आहे. फळ तेवढं नाही. पाचातले चार. बाई लिहितील, 'छान, फळंही खा.'

आता मोजू. बिस्किटांचा मैदा धरा एक भाग. खिचडीतला तांदूळ, मुलाने सगळी संपवली असेल तर, तीन भागांहून थोडा जास्त. दुपारच्या चपात्या दोन, पाव एक, रात्रीचा भात दोन, चपाती एक. धान्याचे झाले दहा भाग, हवे होते सहा. डाळ: खिचडीत दोन तृतीयांश भाग, पातळ आमटीत फार तर अर्धा. म्हणजे जेमतेम एक, हवे होते दोन. दूध पाचातला अर्धा भाग. बटाटा कंदमुळात जातो, म्हणून दोनदा खाऊनही भाजीच्या खात्यात त्याचं काही जमा होत नाही. इतर भाजी खिचडीतली, अर्धा भाग. पालेभाजी शून्य. फळ शून्य.

पाचापैकी चार खुणा मिळवलेला दिवस प्रत्यक्षात असा दिसतो. पोट भरलेलं आहे, कदाचित जास्तच. उपाशी न राहता कमी पडणं कसं असतं हे खुणांमधून कधीच कळत नाही, आणि आपल्याकडच्या शहरी मुलांचा प्रश्न बऱ्याचदा नेमका हाच असतो. आमच्या धंद्यात याला म्हणतात, रकाना रिकामा आहे की भरलेला एवढंच तपासलं, आत काय आहे ते बघितलंच नाही. असा प्रोग्राम कुणी दिला तर आम्ही परत पाठवतो.

म्हणून नियोजन शिकवायचं तर ते कोऱ्या पानावर नको. असा झालेला एक दिवस द्या आणि सांगा, यात फक्त दोन बदल करायचे, खर्च वाढवायचा नाही. मग मुलांना डोकं चालवावं लागतं. वडापावच्या पैशांत साधारण मूठभर फुटाणे आणि एक केळं येतं. फुटाण्यांची ३० ग्रॅमची मूठ म्हणजे डाळीचा एक अख्खा भाग, केळ्याने फळाचं खातं उघडलं, धान्य एकाने उतरलं. दुसरा बदल, बटाट्याऐवजी मेथी किंवा चवळी. इथे एक गंमत मुलांना दाखवायलाच हवी. निवडलेली १०० ग्रॅम पालेभाजी परातीत ढीगभर दिसते आणि शिजल्यावर लहान वाटीत मावते. मापं कच्च्या वजनाची का, हे त्यांना एकदाच दिसेल आणि कायम लक्षात राहील.

आमटीचं माप घेणंही अवघड नाही. 'वरण खाल्लंस का?' हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. 'कुकरमध्ये किती वाट्या डाळ घातली आणि जेवायला किती जण होते?' असं घरी विचारून यायला सांगा. आमटीची मध्यम वाटी कच्च्या तुरीने भरली तर ती चौघांना एकेक भाग पुरते. सहा जणांत अर्धी वाटी असेल, तर आमटी कितीही चविष्ट होवो, हिशोब मुलालाच करता येतो.

तक्त्यांची आणखी एक खोड सांगतो. त्यात दूध, सफरचंद, अंडं, फार तर पापलेट असतं. आमच्या इथल्या दिवाळे किंवा सारसोळेच्या कोळी-आगरी घरातलं मूल तांदळाची भाकरी आणि जवळा खाऊन येतं. काट्याकवचासकट खाल्ला जाणारा सुका जवळा कॅल्शियमच्या बाबतीत दुधापुढे मुळीच कमी नाही, पण तक्त्यावर त्याला घर नाही. सातारा-जुन्नरकडच्या माथाडी कुटुंबातली भाकरी असते, ती तक्त्यावर 'धान्य' एवढंच असते. नाचणीची असेल तर एका भाकरीत जवळपास अर्धा कप दुधाइतकं कॅल्शियम निघतं. शेंगदाण्यांचं काय करायचं, हेही मुलं हमखास विचारतात. ते ऊर्जा देणारे की शरीर घडवणारे? दोन्ही. एक पदार्थ एकाच खणात ठेवायचा हा हट्ट तक्त्याचा आहे, अन्नाचा नाही. अमेरिकेच्या शेतकी खात्याने २०११मध्ये पिरॅमिड काढून गोल ताट आणलं, ते त्यांच्या जेवणाला शोभतं. आपल्या ताटात आधीपासून वाट्या आहेत, डावी बाजू आहे, कोशिंबीर किती आणि भात किती याची जागा ठरलेली आहे. मोजण्यासाठी बनवल्यासारखं ताट असताना आपण पिझ्झासारखे तुकडे रंगवतो.

आता कोणी म्हणेल, मुलांनी घरचं खरं जेवण वर्गात सांगायचं म्हणजे गरिबाच्या पोराची शोभा. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी काल्पनिक मूल घेतलं. पण त्याहून चांगली गोष्ट शाळेतच शिजते आहे. खिचडीचं पातेलं सगळ्यांचं असतं, त्यात कुणाची लाज नाही. शाळेत धान्य मोजायचा काटाही असतो. वर्गाने एक दिवस त्या पातेल्याचाच हिशोब करावा.

केंद्राच्या पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा उद्देश. एका जेवणासाठी आकडे ठीक वाटतात. पण चौथीच्या मुलाला भागाकार करायला सांगा. पोषण संस्थेच्या तक्त्यात धान्य आणि डाळीचं प्रमाण १८० ला ६०, म्हणजे तीनास एक. पातेल्यात ते १०० ला २०, म्हणजे पाचास एक. मग आपल्या काल्पनिक मुलाने संध्याकाळी फुटाणे खाऊनही धान्याचे नऊ भाग का उरले, याचं एक उत्तर तिथे सापडतं. सहापैकी तीन भाग शाळेतच संपतात, आणि त्यांच्या जोडीला डाळीचा एकही भाग पूर्ण येत नाही.

ही तूट अंड्याने भरली असती. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं, द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२५मध्ये त्याचा वेगळा निधी बंद केला आणि शाळांना लोकवर्गणीतून सोय करा असं सांगितलं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे पूर्ण खिचडीतल्या अपेक्षित प्रथिनांच्या निम्मी. ही बेरीजही चौथीच्या पुस्तकातलीच आहे.

मला वाटतं, रंगवलेलं ताट म्हणूनच सोयीचं पडतं. त्यात सगळा दोष आईच्या डब्यावर आणि मुलाच्या आवडीनिवडीवर टाकता येतो. वाट्या मोजायला लागलो की मोजणी शाळेच्या पातेल्यापर्यंत येते.

शेवटी दुधाबद्दल. काल्पनिक मुलाच्या नियोजनात दोन बदलांनंतरही दूध पाचातला अर्धाच भाग राहतं. तिथे बाईंनी पाच लिहून घेऊ नयेत. अर्धा लीटर दूध रोज एका मुलाला, हे तुर्भ्यातल्या किती घरांना जमेल ते वर्गातल्या मुलांना बाईंपेक्षा चांगलं माहीत असतं. रकान्यात अर्धा राहू द्यावा. कोणी पुढे जवळा लिहील, कोणी नाचणी लिहील, कोणी दही. कोणी काहीच लिहिणार नाही, आणि तेही बरोबर धरावं.