हिशोबपट्टीतील गळती : ओला सोयाबीन, कडता आणि उशिरा मिळणारे पैसे

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील सोयाबीन उभ्या शेतातच भिजले. त्यानंतर बाजार समित्यांच्या आवारात जो माल आला, त्याच्याविषयीची चर्चा एकाच आकड्याभोवती फिरत राहिली. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि खुल्या बाजारातील भाव त्याहून बराच कमी होता. ही तफावत महत्त्वाची आहेच. परंतु भाव हा शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या हिशोबपट्टीतील केवळ एक रकाना असतो. त्याच्या आधी वजनाचे आणि नंतर कपातीचे रकाने असतात, आणि पैसे केव्हा मिळणार हा रकाना तर पुष्कळदा छापलेलाच नसतो. लिलावात मिळालेला भाव या रकान्यांतून कसा झिरपत जातो, हे एका पट्टीवरून समजून घेता येईल.

समजा, एका शेतकऱ्याने सोयाबीनचे ३० कट्टे आडत्याकडे आणले. जाहीर लिलावात ४,२०० रुपये भाव ठरला. काट्यावर एकूण वजन १,८१८ किलो भरले. संध्याकाळी त्याला मिळालेली पट्टी अशी : बारदान्यापोटी ३० किलो वजा, ओलाव्यापोटी क्विंटलमागे दोन किलो याप्रमाणे ३६ किलो कडता वजा, निव्वळ वजन १७ क्विंटल ५२ किलो, रक्कम ७३,५८४ रुपये. त्यातून हमाली व तोलाई ३९० रुपये, ‘रोखीचा कट’ दोन टक्के म्हणजे १,४७२ रुपये. हाती ७१,७२२ रुपये. आकडे उदाहरणादाखल घेतले असले, तरी यातील प्रत्येक रकाना बाजारात वावरणाऱ्याच्या परिचयाचा आहे.

प्रथम वजनाकडे पाहू. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून मापातील ढोबळ चोरी अवघड झाली. मात्र काट्याने दाखवलेला आकडा आणि पट्टीवर उतरलेला आकडा यांच्यामध्ये अजूनही वाट आहे. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे काय आणि कट्टा ठेवण्यापूर्वी काटा शून्य दाखवतो काय, या दोन गोष्टी शेतकऱ्याला उभ्या उभ्या पाहता येतात. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. एकेक कट्टा मोजून किलोच्या पुढील ग्रॅम सोडून दिले, तर कट्ट्यामागे सरासरी अर्धा किलो माल नोंदीतून निसटतो. ३० कट्ट्यांमागे हे पंधरा किलो झाले. म्हणून प्रत्येक वजन ग्रॅमसह टिपून घेणे आणि त्यांची बेरीज पट्टीवरील आकड्याशी ताडून पाहणे हाच त्यावर इलाज होय.

आता बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्याचे वजन. ते वजा होणे रास्तच आहे. प्रश्न किती, एवढाच. तागाच्या नव्या पोत्याचे वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक असते. आज शेतकरी ज्या प्लास्टिकच्या विणलेल्या कट्ट्यांतून माल आणतो, त्यांचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. सरसकट एक किलो वजा करण्याचा रिवाज जाड तागाच्या पोत्यांच्या काळातला. पोते बदलले, रिवाज तसाच राहिला. आपल्या उदाहरणात ३० कट्ट्यांचे खरे वजन साडेचार किलो. वजा झाले ३० किलो. म्हणजे साडेपंचवीस किलो सोयाबीन, भावाने १,०७१ रुपये, पोत्याच्या नावाने गेले. पाच रिकामे कट्टे त्याच काट्यावर ठेवले, की हा वाद मिनिटभरात मिटू शकतो.

ओलाव्याची कपात हा या पट्टीचा गाभा आहे, आणि तेथे शेतकऱ्याची बाजूही सरसकट खरी नसते, हे मान्य करायला हवे. सोयाबीन घेणारे तेलप्रक्रिया कारखाने साधारणतः ‘१०-२-२’ या निकषावर माल घेतात : ओलावा १० टक्के, काडीकचरा दोन टक्के, डागी दाणे दोन टक्के. मालात १४ टक्के ओलावा असेल, तर १०० किलोत सुका अंश ८६ किलो. १० टक्के ओलाव्याच्या मालात तो ९० किलो असतो. त्यामुळे ओल्या मालाची रास्त किंमत सुक्याच्या ९० भागांस ८६ भाग, म्हणजे सुमारे साडेचार टक्क्यांनी कमी भरते. ओलाव्यातील फरक चार टक्के दिसतो. हिशेबातील घट त्याहून किंचित अधिक असते. व्यापारी चार टक्क्यांहून थोडी जास्त सूट मागतो, तेव्हा तो लबाडी करतोच असे नाही.

मात्र ही सूट एकदाच घेता येते. त्या दिवशी त्याच आवारात सुक्या मालाला ४,४०० रुपये भाव निघाला असेल, तर १४ टक्के ओलाव्याच्या मालाचा रास्त भाव येतो सुमारे ४,२०४ रुपये. आपल्या शेतकऱ्याला बोली मिळाली ४,२०० रुपयांची. याचा अर्थ, खरेदीदाराने मूठभर दाणे हातात घेऊन, दाताखाली चावून किंवा यंत्रावर मोजून ओलावा आधीच ताडला होता आणि त्याची किंमत बोलीतच कापली होती. त्यानंतर वजनातून पुन्हा क्विंटलमागे दोन किलो कडता घेणे म्हणजे एकाच दोषासाठी दोनदा वसुली. आपल्या पट्टीत या कडत्याची किंमत १,५१२ रुपये आहे. लिलावाच्या वेळी माल डोळ्यांसमोर होता. पाहून लावलेली बोली मापाच्या वेळी बदलत नाही. ही दुहेरी कपात ओळखण्याची खूण सोपी आहे : शेजारच्या ढिगातील सुक्या मालाचा त्याच दिवसाचा भाव विचारावा. आपला भाव त्याहून कमी असेल आणि वर कडताही असेल, तर सूट दोन ठिकाणी गेली. भाव सुक्या मालाइतकाच असेल, तर मात्र वजनातील थोडी घट मागणे समजण्याजोगे आहे. पण तीही लिलावापूर्वी ठरलेली हवी.

हमीभाव केंद्रावर ही भानगड वेगळ्या रूपात येते. तेथे सूट कापून घेण्यापेक्षा माल घ्यायचा की परत पाठवायचा, एवढाच निर्णय होतो. सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांवर नेली होती. माल परत गेलेल्या शेतकऱ्याला पुन्हा भाड्याची गाडी करणे परवडत नाही आणि तो त्याच दिवशी आडत्याचे दार ठोठावतो. कडता मुकाट्याने मान्य होण्यामागे ही अगतिकता असते.

यानंतर आडत व बाजार खर्च. येथे कोणता खर्च कोणाचा, हे पाहणे आवश्यक आहे. बाजार समितीची फी कायद्याने खरेदीदाराकडून घ्यायची असते. ती शेतकऱ्याच्या पट्टीत दिसली, तर ती चूकच. फळे व भाजीपाल्याची, त्यात कांदा-बटाटाही आला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये केला. धान्य व तेलबियांसाठी आपल्या बाजार समितीत कोणता दर मंजूर आहे आणि तो कोणाच्या माथी आहे, हे समितीच्या कार्यालयात विचारूनच पट्टी तपासावी. हमाली-तोलाईचे दरही असेच मंजूर झालेले असतात. माल उतरवण्याची हमाली विकणाऱ्याची समजली, तरी माप झाल्यावर खरेदीदाराच्या गाडीत माल भरण्याचा खर्च त्याच्याकडे येऊ नये. काटा इलेक्ट्रॉनिक असताना तोलाई कशाची, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात इतका चिघळला, की एप्रिल २०२४ मध्ये कांद्याचे लिलाव काही दिवस बंद पडले.

आडत पट्टीवरून गेली, की तिची जागा दुसरे नाव घेते, हे आपल्या उदाहरणातील ‘रोखीचा कट’ दाखवतो. त्याचा अर्थ असा : पंधरा दिवसांनी घेणार असाल तर पूर्ण रक्कम, आज हवी असेल तर दोन टक्के सोडा. बाजार नियमनाचे मूळ तत्त्व मोजमाप झाल्यावर त्याच दिवशी पैसे चुकते करण्याचे. जे आजच देणे लागते, ते आज दिल्याबद्दल कापलेली ही रक्कम आहे. पंधरा दिवसांना दोन टक्के म्हणजे वर्षाला ४८ टक्क्यांहून अधिक व्याज झाले. वरकरणी किरकोळ वाटणारा हा रकाना प्रत्यक्षात खासगी सावकारी आहे, आणि ती शेतकऱ्याच्याच पैशांवर चालते.

कट नाकारला, तर पुढील तारखेचा धनादेश हाती येतो. त्यातही सावधपणा लागतो. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिनेच चालतो. तो वटला नाही, तर बँकेचा तसा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ या आश्वासनांत हीच मुदत निघून जाते. समितीकडे दाद मागायची तर परवानाधारक आडत्याची, अनुक्रमांक व परवाना क्रमांक असलेली छापील पट्टी हाच पुरावा ठरतो. साध्या कागदावरील कच्च्या चिठ्ठीने व्यवहार झाल्याचे सिद्ध करणे फार कठीण जाते.

आता गोळाबेरीज करू. खरा बारदाना धरला, कडता व रोखीचा कट वगळला, तर त्याच भावाने या शेतकऱ्याला हमाली-तोलाई जाऊन ७५,७७७ रुपये मिळायला हवे होते. फरक ४,०५५ रुपये, म्हणजे जवळजवळ एक क्विंटल सोयाबीनची किंमत. अठरा क्विंटलांमागे एक क्विंटल भाव न पाडताच गेला, आणि बाजारभावाच्या तक्त्यात तो दिवस ४,२०० रुपयांचाच नोंदला गेला. आपण शहरात बसून जे दर वाचतो, ते याच तक्त्यातून येतात.

उपाय फार मोठा नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-नाम’ व्यवस्थेची कल्पनाच अशी होती, की लिलावापूर्वी मालाची तपासणी व्हावी आणि बोली त्या निकालावर लागावी. तेवढे होईपर्यंत, पट्टीवर तीन गोष्टी छापणे प्रत्येक बाजार समितीला आजच बंधनकारक करता येईल : लिलावाआधी मोजलेला ओलावा, रिकाम्या कट्ट्याचे प्रत्यक्ष वजन आणि पैसे देण्याची तारीख. ओलाव्याचा आकडा भावाशेजारी छापलेला असला, की कडत्याचा रकाना भरणाऱ्याला तो कशासाठी हे सांगावे लागेल.