४.९ की ४.३? स्टारच्या शेजारचा आकडाही वाचा!

जळगावात राहता, परीक्षेचं केंद्र आलंय धुळ्याला आणि सकाळी ८ वाजता रिपोर्टिंग. एरंडोल, पारोळा करत पहाटेच्या एसटीने निघायचं म्हणजे धाकधूक. त्यापेक्षा आदल्या रात्रीच धुळ्यात मुक्काम करावा, असं ठरतं. मोबाइल उघडता. बजेटमध्ये दोन लॉज दिसतात. पहिल्याला ४.९ स्टार, दुसऱ्याला ४.३. बोट आपसूक पहिल्याकडे जातं ना? माझंही गेलं होतं. पोचले तर खोलीच्या दाराला आतून कडीच नव्हती. रात्रभर दाराला टेबल लावून बसले आणि पेपरला डोळे चोळत गेले.

नंतर नीट बघितलं. ४.९ च्या शेजारी कंसात बारीक अक्षरात ८ लिहिलं होतं. म्हणजे फक्त ८ रिव्ह्यू. ४.३ च्या शेजारी होते १,२४०. मी मोठा आकडा वाचला आणि महत्त्वाचा आकडा सोडून दिला.

आता हिशोब करू, शाळेतलाच आहे. सरासरी म्हणजे सगळ्यांच्या स्टारची बेरीज भागिले माणसं. ८ जणांपैकी ७ जणांनी ५ आणि एकाने ४ स्टार दिले, तर बेरीज ३९. भागिले ८, म्हणजे ४.८८. स्क्रीनवर ते ४.९ दिसतं. समजा, दुसऱ्या दिवशी एक वैतागलेला ग्राहक १ स्टार देऊन गेला. बेरीज ४०, माणसं ९, सरासरी ४.४. एका माणसाने अर्धा स्टार खाल्ला! तोच माणूस १,२४० रिव्ह्यूवाल्या लॉजवर चिडला असता तर? तिथे काहीच हललं नसतं, ४.३ चे ४.३ च राहिले असते. तिथला आकडा ४.२ वर आणायला असे २० जण लागतात.

थोडक्यात, सरासरी हा लॉजचा गुण नाही. तिथे राहून गेलेल्यांपैकी ज्यांनी लिहिलं, त्यांच्या मताचा तो मध्य आहे. लिहिणारे ८ च असतील तर ते कोण होते यावर सगळं ठरतं. नवीन लॉजचे पहिले रिव्ह्यू बऱ्याचदा मालकाचा भाचा, मित्र, शेजारी यांचे असतात. त्यात फसवण्याचा हेतू असेलच असं नाही, पण आपल्याला त्यातून खोलीबद्दल फार काही कळत नाही. संख्याशास्त्रातला साधा नियम असा की, आकड्यातली डळमळ निम्मी करायची तर रिव्ह्यू चौपट लागतात. म्हणून ८ चे ३२ झाले की खूप फरक पडतो, पण १,२४० चे १,२६४ झाले तर काहीच नाही.

मग कमी रिव्ह्यूवाल्याला कधी निवडायचंच नाही का? तसं केलं तर नवा धंदा करणाऱ्याला कुणी उभंच करणार नाही. यावर एक जुनी युक्ती आहे. सिनेमांना रेटिंग देणारी आयएमडीबी ही साइट आपल्या टॉप २५० यादीसाठी साधी सरासरी वापरत नाही. तिने जाहीर केलेल्या सूत्रात प्रत्येक सिनेमाच्या मतांमध्ये ठरावीक संख्येची ‘सर्वसाधारण’ मतं मिसळली जातात. लाखो मतांच्या सिनेमाला त्याचा फरक पडत नाही, थोडक्या मतांचा सिनेमा मात्र मध्याकडे ओढला जातो. म्हणजे पुरावा नसेल तोवर तुम्ही इतरांसारखेच, असं धरायचं.

हेच आपण कागदावर करू. समजा, त्या भागातल्या लॉजची सर्वसाधारण पातळी ४ स्टार आहे. दोन्ही लॉजना ४ स्टारची २० काल्पनिक मतं जोडा. पहिला: ३९ अधिक ८०, भागिले २८, म्हणजे ४.२५. दुसरा: ४.२९ ते ४.३० च्या मधे. ४.९ वाला मागे पडला! पण थांबा, २० ऐवजी १० च मतं जोडली तर पहिला ४.३९ वर राहतो आणि पुढे जातो. किती जोडायची हा आपला अंदाज असतो. मग यातून काय घ्यायचं? हेच की हे दोन लॉज जवळपास बरोबरीत आहेत. ०.६ स्टारचा तो मोठा दिसणारा फरक खरा नव्हताच.

पण ‘रिव्ह्यू जास्त म्हणजे विषय संपला’ असंही समजू नका. मोठी संख्या स्थिर असते आणि त्यातच तिची खोड आहे. समजा, त्या दुसऱ्या लॉजच्या आधीच्या १,२०० रिव्ह्यूंची सरासरी ४.४ होती. मग व्यवस्थापन बदललं, पाण्याची बोंब झाली आणि शेवटच्या ४० जणांनी सरासरी जेमतेम १.३ दिले. बेरीज करून बघा: ५,२८० अधिक ५२, भागिले १,२४०. उत्तर ४.३! ओळीने ४० पाहुणे वैतागून गेले आणि स्क्रीनवर फक्त ०.१ कमी झाला. म्हणून रिव्ह्यू ‘सर्वात नवीन’ असे लावून शेवटचे १५–२० वाचायचे.

दुसरी गोष्ट, एकाच सरासरीच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. १०० पैकी ४० जणांनी ५, ५० जणांनी ४ आणि १० जणांनी ३ दिले तरी ४.३. आणि ८२ जणांनी ५, १८ जणांनी थेट १ दिला तरीही ४.३ च दिसतं. पहिला लॉज ठीकठाक आहे. दुसऱ्यात पाचातल्या एकाची रात्र वाईट जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्हाला कुठला परवडेल? सरासरीखालच्या पाच आडव्या पट्ट्या त्यासाठीच असतात. १ स्टारची पट्टी लांब असेल तर ते रिव्ह्यू उघडा आणि तक्रार कशाची आहे ते बघा. ‘चहा थंड होता’ आणि ‘दाराला कडी नाही’ यांना स्टार सारखेच मिळतात.

राहिले विकतचे रिव्ह्यू. त्यांच्यासाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, ते २५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालं. रिव्ह्यू गोळा कसे करायचे, तपासायचे कसे आणि छापायचे कसे, याचे नियम त्यात आहेत. पण ते पाळणं कंपन्यांसाठी ऐच्छिक ठेवलं गेलं. त्यामुळे राखण आपली आपणच करायची. एकाच आठवड्यात आलेले, एकसारख्या शब्दांतले, ज्यांनी दुसरं कधी काहीच लिहिलेलं नाही अशा खात्यांचे ५ स्टार दिसले की ते मनातल्या मनात वजा करा. ८ मधून ५ वजा झाले तर उरले ३. तीन जणांच्या मतावर तुम्ही खोली घ्याल का?

आणि तुम्ही स्वतः रिव्ह्यू लिहाल तेव्हा शेजारचा आकडा आधी बघा. १,२४० च्या गर्दीत तुमचा १ स्टार विरून जाईल, तिथे तुमचं वाक्यच कामाला येईल. पण ८ रिव्ह्यूवाल्या नव्या भरीत सेंटरला, पुरी जरा गार मिळाली म्हणून १ स्टार देताना, त्या भाऊचा अर्धा स्टार तुमच्या हातात असतो. त्या लॉजला मीही शेवटी २ च स्टार दिले. पण सोबत लिहिलं, ‘खोली स्वच्छ, दाराला आतून कडी नाही.’ पुढच्या मुलीने स्टार नाही बघितले तरी चालेल, तेवढं वाचावं.