ग्रामसभेपुढे ठेवावयाचा प्रस्ताव-सारांश : भाषांतर की भाषांतराचा भास?

ग्रामीण व आदिवासी भागात आरोग्यप्रकल्प राबविण्यासाठी वैद्यकीय संस्था, महाविद्यालये व वैद्यांच्या संघटना अनुदानाचे प्रस्ताव सादर करतात. मूळ प्रस्ताव इंग्रजीत असतो. त्यासोबत दोन पानांचा मराठी सारांश सरपंच, पोलीस पाटील, पाड्याचे कारभारी, आशा व अंगणवाडी सेविका यांच्यासाठी जोडला जातो. हा सारांश बहुधा अखेरच्या रात्री, शब्दकोश उघडून, वाक्याला वाक्य लावून तयार होतो. तो वाचून ग्रामसभा ठराव देते, आणि वर्षभराने त्याच गावात ‘आमच्या नावावर आलेले बारा लाख कुठे गेले?’ हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न विचारणाऱ्यांचा दोष नाही, असे माझे मत आहे. सारांशानेच त्यांना तसे सांगितलेले असते.

एक नमुन्याचा प्रस्ताव घेऊन हे पाहू. दहा पाड्यांतील 600 स्त्रियांमध्ये पांडुरोगासाठी पुनर्नवा मंडूर व आहारसल्ला देणारा दोन वर्षांचा प्रकल्प आहे, आणि मागणी 12,00,000 रुपयांची आहे. इंग्रजी सारांशाचे सरळ भाषांतर असे होते : ‘सदर प्रकल्पांतर्गत 600 लाभार्थ्यांकरिता रु. 12 लक्ष अनुदान प्रस्तावित असून समुदायाचे वस्तुरूप योगदान रु. 1.5 लक्ष अपेक्षित आहे.’ व्याकरणदृष्ट्या यात काही चूक नाही. परंतु खेड्यात ‘लाभार्थी’ म्हणजे ज्याच्या खात्यात योजनेचे पैसे जमा होतात तो माणूस, आणि ‘अनुदान’ म्हणजे ते पैसे. ऐकणारा तेथेच बसल्या जागी भागाकार करतो : बारा लाख भागिले सहाशे, म्हणजे दर बाईला दोन हजार. ‘प्रस्तावित’ या शब्दाकडे त्याचे लक्षही जात नाही. मागितलेली, मंजूर झालेली आणि प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सरकारी मराठीत त्यांना तीन शब्द असले तरी गावाच्या कानाला ते एकच वाटतात.

म्हणून पहिले वाक्य असे असावे : ‘आम्ही बारा लाख रुपये मागितले आहेत. अजून मिळालेले नाहीत. मिळाले तर ते संस्थेच्या बँकखात्यात येतील, कोणाच्याही स्वतःच्या खात्यात येणार नाहीत.’ त्यानंतर खर्चाचा तपशील द्यावा. तोही अंदाजपत्रकातील शीर्षांप्रमाणे न देता शंभर रुपयांच्या हिशेबाने. आपल्या नमुन्यात दर शंभर रुपयांपैकी 20 रुपये औषधाला, 15 रक्ततपासणीला, 35 काम करणाऱ्यांच्या मानधनाला, 10 प्रवासाला, 5 प्रशिक्षणाला, 7 यंत्रांना, 5 संस्थेच्या कचेरीच्या खर्चाला आणि 3 अचानक येणाऱ्या खर्चाला जातात. औषधाचे 20 रुपये म्हणजे एकूण 2,40,000, अर्थात एका बाईमागे दोन वर्षांत 400 रुपये. दोन हजार आणि चारशे यांतील हे अंतर आपणच उघड करून सांगितले तर त्याचा संशय होत नाही.

येथे काही सहकारी मानधनाच्या 35 रुपयांचा उल्लेख टाळावा, असे सुचवितात. लोकांना तो जास्त वाटेल, ही त्यांची भीती. मला हे मान्य नाही. सोपे करणे आणि गाळणे या दोन भिन्न क्रिया आहेत. काढ्यात पाणी आटवून अष्टमांश राखताना आपण द्रव्य टाकून देत नाही. मानधन कोणाला, किती महिने आणि कोणत्या कामासाठी हे एका ओळीत सांगितले की आकडा आपोआप समजतो. आणि त्या पाड्यातीलच दोघी-तिघींना ते मिळणार असेल तर तेही लिहावे.

‘वस्तुरूप योगदान’ हा तर सर्वांत घातक शब्द. त्याऐवजी ‘लोकवर्गणी’ लिहिण्याचा मोह होतो, कारण तो रूढ आहे. मात्र पाणीपुरवठा योजनांत दहा टक्के लोकवर्गणी रोखीने गोळा केल्याची आठवण गावोगाव आहे. हा शब्द उच्चारला की दीड लाख भरावे लागणार, असाच अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात निधी देणारी संस्था समाजमंदिराच्या जागेची व मदतनीस स्त्रियांच्या वेळेची किंमत लावून तो आकडा कागदावर मांडते. सारांशात लिहावे : ‘गावाने एकही रुपया द्यायचा नाही. महिन्यातून एक दिवस समाजमंदिर आणि दोन मदतनीस बाया हव्यात. या मदतीची किंमत कागदावर दीड लाख धरली आहे.’

हप्त्यांविषयीही असेच. आपल्या नमुन्यात पहिला हप्ता 6,00,000 चा, दुसरा 4,80,000 चा आणि शेवटचा 1,20,000 चा आहे. दुसरा हप्ता पहिल्याच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सारे ‘यू.सी.’ म्हणतात, ते पोहोचल्यावर येतो. शेवटचा अंतिम अहवालानंतर. म्हणजे अखेरच्या महिन्यांत मानधन रखडण्याचा संभव असतो. ज्या आशाताई वा मदतनीस स्त्रिया यात काम करणार, त्यांना हे आधी ठाऊक असायला हवे. ‘निधी टप्प्याटप्प्याने वितरित होईल’ या वाक्यातून त्यांना ते कळत नाही.

आता फलिताकडे वळू. इंग्रजी प्रस्तावात काय केले, त्याने काय बदलले आणि पुढे दूरवर काय टिकले असे तीन थर असतात. मराठीत त्यांसाठी निष्पत्ती, परिणाम, प्रभाव अशी निरनिराळी भाषांतरे फिरतात व ती परस्परांत मिसळतात. आपल्याला खरे तर हा भेद नवा नाही. चरकाच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात कार्य, कार्यफल व अनुबंध वेगळे सांगितले आहेत : धातुसाम्य हे कार्य, सुखप्राप्ती हे कार्यफल, आयुष्य हा अनुबंध. ज्या धातुवैषम्यापासून आरंभ होतो ती कार्ययोनी. प्रस्तावातील प्रारंभिक पाहणीचे स्थान तिच्याशी बरेच जुळते. लेखन करणाऱ्या वैद्याने ही चौकट मनात ठेवली तर घोटाळा होणार नाही. ग्रामसभेत मात्र हे शब्द उच्चारू नयेत. तेथे ‘आम्ही काय करणार’ आणि ‘त्याने तुमच्यात काय बदलणार’ एवढे दोन प्रश्न पुरतात. 600 जणींना औषध वाटले, हे पहिल्याचे उत्तर झाले. त्याला फलित म्हणू नये.

सर्वांत मोठी चूक टक्केवारीत होते. प्रस्तावात लिहिलेले असते की पांडूचे प्रमाण 60 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर येईल. भाषांतरकार संक्षेप करतो : ‘पांडुरोग 15 टक्क्यांनी घटेल.’ आता हिशेब करून पाहा. 600 पैकी 60 टक्के म्हणजे 360 जणी. 360 चे 15 टक्के कमी केले तर 306 उरतात, म्हणजे 51 टक्के. मूळ प्रस्तावाला मात्र 270 अपेक्षित आहेत. एका संक्षेपाने 36 स्त्रियांचा फरक पडला, आणि वर्षअखेरीस संस्था व गाव वेगवेगळे उद्दिष्ट धरून भांडणार. गावात ‘हिमोग्लोबिन 9 ग्रॅम प्रति डेसीलिटर’ असे कोणी म्हणत नाही. ‘माझं रक्त नऊ पॉइंट आहे’ असे म्हणतात. तेच वापरावे : ‘आज शंभरातील साठ बायांचे रक्त बारा पॉइंटच्या खाली असावे, असा अंदाज आहे. दोन वर्षांनी खाली असणाऱ्या पंचेचाळीसच राहाव्यात, असा प्रयत्न आहे.’ येथे ‘अंदाज’ हा शब्द गाळता कामा नये, कारण पाहणी अजून व्हायची आहे.

याला जोडून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी इंग्रजी प्रस्तावातही अनेकदा नसते. दिवाळीनंतर ऊसतोडीला व वीटभट्टीला कुटुंबेच्या कुटुंबे जातात. समजा, शेवटच्या तपासणीस 120 जणी गावात नाहीत आणि त्या सर्व मूळच्या 360 मधील आहेत. औषधाचा काहीही गुण आला नसला तरी उरलेल्या 480 पैकी 240 जणी बाराच्या खाली, म्हणजे 50 टक्के! साठावरून पन्नासवर, औषधाची एक मात्राही न देता. म्हणून सारांशात असे हवे : ‘पहिल्यांदा ज्यांचे रक्त तपासले त्यांचेच पुन्हा तपासू, ज्या गावात नसतील त्यांची संख्या वेगळी सांगू.’ पाड्याच्या कारभाऱ्याला कोण केव्हा जाते व केव्हा परतते हे आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. हे वाक्य ऐकून तोच तपासणीचा महिना बदलायला सांगेल.

अप्रिय गोष्टीही याच कागदावर याव्यात. रक्त आठच्या खाली असेल तिला रुग्णालयात पाठविले जाईल. सिकलसेलचा आजार असणारी या औषधाच्या गटात नसेल, आणि हे कोणाला वगळण्यासाठी नाही. सरकारी लोहाच्या गोळ्या कोणी आपल्या मनाने बंद करू नयेत. काही पाड्यांना तुलनेसाठी औषध उशिरा द्यावयाचे असेल तर ते पाडे कोणते व का, हेही. शिवाय ग्रामसभेचा ठराव म्हणजे प्रत्येक स्त्रीची संमती नव्हे, हे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनाही धरून आहे. ठराव असूनही एखादीने नको म्हटले तर तिला तसे म्हणता येते, ही ओळ ठळक अक्षरांत असावी.

सारांश समजला की नाही, हे ‘समजले का?’ असे विचारून कळत नाही. सगळे मान डोलावतात. तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि मसुद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या अंगणवाडी सेविकेला किंवा बचत गटाच्या अध्यक्षाला तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. गावात किती पैसे येणार, ते कोणाकडे राहणार, आपण काय द्यायचे, काय बदलणार, नाही बदलले तर काय, या पाच प्रश्नांची उत्तरे सांगण्यात आली तर मसुदा ठीक. ‘दर बाईला दोन हजार’ असे उत्तर आले तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहावा. जेथे मातृभाषा पावरी, भिलोरी वा गोंडी आहे तेथे हे सांगणे त्या भाषेतच होऊ द्यावे. प्रमाण मराठी तेथे दुसरी भाषा आहे, हे आपण शहरातले लोक विसरतो.

ठरावाला जोडावयाची प्रत ही वाचून दाखविलेल्या मराठी कागदाचीच असावी. ‘इंग्रजी प्रस्ताव समजावून सांगितला’ अशा शेऱ्याला काही किंमत नाही. आणि मागितलेल्या 12 लाखांऐवजी 9 लाखच मंजूर झाले, तर शंभर रुपयांचा हिशेब नव्याने मांडून, कोणते पाडे वा कोणत्या तपासण्या कमी झाल्या ते लिहून, तो कागद पुन्हा ग्रामसभेत वाचावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरील जुना काढून हा नवा तारखेसह लावावा.