झोपाळ्याचे मागचे पाय

इमारतीच्या आवारात मुलांसाठी झोपाळा बसवायचा ठरले की चर्चा होते ती रंगाची, साखळीची आणि बैठकीची. पाय जमिनीत कसे रोवायचे, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो आणि तो कामगारावर सोपवला जातो. वास्तविक झोपाळा उलटतो तो पायांच्या दोषामुळे. मूल पुढे झेपावते तेव्हा पुढचे पाय जमिनीत रुततात आणि मागचे पाय वर उचलले जातात. पाया बांधायचा तो या उचलण्याविरुद्ध.

डोंबिवलीतील एखाद्या सोसायटीचे आवार डोळ्यांसमोर आणावे. आडवी दांडी जमिनीपासून २.४ मीटर उंच, दोन्ही बाजूंना तिरक्या पायांची जोडी, पुढच्या व मागच्या पायांत १.५ मीटर अंतर आणि सांगाड्याचे वजन ४० किलो. त्यावर प्रत्येकी ३० किलो वजनाची दोन मुले एकाच लयीत, ओळंब्यापासून ६० अंशांपर्यंत झोके घेत आहेत. अशा वेळी दांडीवर पडणारी आडवी ओढ मुलांच्या वजनाच्या सुमारे ८४ टक्के, म्हणजे ५० किलोच्या आसपास असते. ती २.४ मीटर उंचीवरून काम करते, म्हणून तराजूच्या लांब दांडीप्रमाणे तिचा जोर वाढतो. मुलांचा व सांगाड्याचा भार वजा केला तरी मागचा प्रत्येक पाय १३-१४ किलोच्या बळाने वर उचलला जातो. नुसता ठेवलेला सांगाडा येथेच उलटेल. सणासुदीला ७० किलोचे दोघे मोठे त्यावर बसले, तर हेच बळ प्रत्येक पायामागे ४५ किलोपर्यंत जाते.

पेव्हर ब्लॉकवर पट्टी ठेवून बोल्ट मारणे ही नेहमीची चूक. हे ठोकळे सहा-आठ सेंटीमीटर जाडीचे असतात आणि वाळूच्या थरावर नुसते मांडलेले असतात. बोल्ट कितीही घट्ट असला तरी तीन-चार किलोचा ठोकळा त्याच्याबरोबर उचलला जातो.

म्हणून पेव्हर काढून प्रत्येक पायासाठी ४० सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि काँक्रीटसाठी ६० सेंटीमीटर खोली शिल्लक राहील असा खड्डा घ्यावा. त्यात सुमारे २३० किलो काँक्रीट बसते. हे वजन गरजेपेक्षा फार वाटेल. पण कल्याण-डोंबिवलीत पावसाळ्यात आवारात पाणी साचते, आणि २६ जुलै २००५ चा पूर अजून अनेकांच्या स्मरणात आहे. पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचे परिणामी वजन येथे ९५ किलोने घटते. उरतात सुमारे १३५ किलो, आणि भरावाच्या मऊ मातीवर विसंबण्याची गरज राहत नाही.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. सांगाडा जमिनीवर आडवा ठेवून सर्व नट-बोल्ट हातानेच बसवावेत, पान्याने आवळू नयेत. प्रत्येक पायाच्या खालच्या टोकाला लोखंडी सळईचा आडवा तुकडा वेल्ड करून घ्यावा, म्हणजे पाइप काँक्रीटमधून सरकून बाहेर येणार नाही. मग चार-पाच जणांनी तो उभा करून खड्ड्यांत उतरवावा. दांडी पाणसळीने समतल करावी आणि चारही पायांच्या मधले कर्ण फितीने मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे आले की बोल्ट आवळावेत आणि टेकू द्यावेत. त्यानंतरच एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणात काँक्रीट ओतावे. त्याचा माथा जमिनीखाली ठेवून वर माती वा वाळू भरावी, कारण पडणाऱ्या मुलाचे डोके उघड्या काँक्रीटवर आदळता कामा नये. मातीत दडणाऱ्या पाइपला आधीच डांबर लावावे. सात दिवस पाणी मारावे आणि तोवर बैठका वर बांधून ठेवाव्यात.

ठाण्यातील अनेक नव्या संकुलांत आवार म्हणजे खालच्या पार्किंगचे छत असते. तेथे खड्डा घेता येत नाही, आणि स्लॅबला भोक पाडल्यास जलरोधक थर फुटतो. अशा जागी चारही पाय एकाच जड लोखंडी चौकटीला जोडून ती वजनाने स्थिर करावी लागते. स्लॅब हा भार पेलेल की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्यावे.

पुढे दर वर्षी पावसाळ्यानंतर एका मोठ्या माणसाने दांडी पुढे-मागे जोराने हलवून पाहावी. पायाच्या कडेला मातीत फट दिसली, ठकठक आवाज आला, अथवा जमिनीलगतच्या पाइपवर हातोडी मारल्यावर खणखणीत नाद न येता बद्द आवाज आला, तर झोके त्याच दिवशी उतरवावेत. पाय आतून गंजला आहे की पाया सुटला आहे, हे माती उकरल्यावरच कळते.