कर वाढवला म्हणजे वसुली वाढतेच असं नाही

१९७३-७४ साली आपल्या देशात २ लाखांवरच्या उत्पन्नावर अधिभार धरून ९७.७५ टक्के आयकर होता. म्हणजे वरचे १०० रुपये खरे दाखवले तर हातात सव्वादोन रुपये. मग कोण दाखवणार? वांच्छू समितीनं १९७१ लाच सांगितलं होतं, एवढ्या दरानं काळा पैसा वाढतो, दर कमी करा. पुढं १९७४ ला तो ७७ टक्क्यांवर आणला.

हिशेब साधा आहे. समजा दहा जणांकडं असे वरचे हजार-हजार रुपये आहेत. ९७.७५ टक्क्यांना दोघांनीच दाखवले, तर सरकारला मिळाले १,९५५. दर ५० केला आणि आठ जणांनी दाखवले, तर ४,०००. पण १० टक्क्यांना दहाही जण आले तरी हजारच. म्हणून दर उतरवला की वसुली वाढतेच, असंही नाही.

सगळा खेळ लपवता येतं का यावर आहे. डिझेलवरचा कर आपण पंपावरच भरतो, ट्रॅक्टरला दुसरा इलाजच नाही. तिथं दर वाढला की वसुलीही वाढते.