आधी बाणांना क्रमांक, मग लेबलांचं मराठी



इंग्रजी माहितीचित्र मराठीत करताना आपण बहुतेक जण डाव्या कोपऱ्यापासून सुरू करतो आणि दिसेल ते लेबल बदलत जातो. माझ्या मते इथेच चूक होते.

मीही फसले आहे. चौथीसाठी जलचक्राचा तक्ता करत होते. सूर्याच्या शेजारी एक छोटं लेबल होतं, ‘राइझेस’. मी सरळ ‘उगवतो’ लिहिलं. तक्ता भिंतीवर लागला आणि एक मुलगी म्हणाली, “बाई, सूर्य उगवतोय, मग बाण समुद्रातून का निघालाय?” ते लेबल सूर्याचं नव्हतंच. वर जाणाऱ्या वाफेचं होतं.

इंग्रजी लेबलात कर्ता नसला तरी भागतं. मराठीत क्रियापदच कर्त्याचं लिंग सांगतं. पाणी तापतं, वाफ वर जाते, पाऊस पडतो. म्हणजे कोणता बाण कशाचा, हे ठरल्याशिवाय ‘जातो, जाते, जातं’ यांतलं एकही लिहिता येत नाही.

म्हणून आता मी चित्राची एक प्रिंट काढते आणि पेन्सिल घेते. आधी रेघा वेगळ्या करते. टोक नसलेली रेघ फक्त नाव सांगते: ढग, नदी, भूजल. तिथे नाम लिहायचं. टोक असलेला बाण काहीतरी घडतंय असं सांगतो, तिथे क्रियापद. क्रमांक फक्त पाण्याच्या बाणांना देते. सूर्यकिरणांचे बाण उष्णतेचे असतात, ते या रांगेत घ्यायचे नाहीत. (माझा घोळ त्यांच्यामुळेच झाला.)

वर्तुळाला सुरुवात नसते, ती आपणच ठरवायची. मी समुद्रापासून धरते. मग क्रमाने मोठ्यानं वाचते: समुद्राचं पाणी तापतं, त्याची वाफ होते, ती वर जाते, थंड होते, तिचे बारीक थेंब होतात, थेंबांचा ढग दिसतो, थेंब मोठे झाले की पाऊस पडतो. वाचताना अडखळलं, तर क्रमांक चुकलाय असं समजायचं. काही चित्रांत ‘थंड होणं’ ढगावरच छापलेलं असतं, पण थंड होते ती वाफ, ढग तयार होण्याआधी. ते लेबल मी खाली, बाणाजवळ सरकवते. वाक्यं जुळली की त्यांचेच तुकडे करून लेबलं तयार होतात. बाष्पीभवन, सांद्रीभवन हे शब्द त्यांच्या खाली बारीक अक्षरात.

पाऊस जमिनीवर पडल्यावर वाट फुटते. काही पाणी वाहून नदीला मिळतं, काही मुरतं. तिथे मी ५अ आणि ५ब लिहिते, ५ आणि ६ नाही. नाहीतर मुलांना वाटतं, आधी वाहतं आणि मगच मुरतं.

हे क्रमांक माझ्या प्रिंटवरच राहतात, तक्त्यावर नाही. कारण वाफ काही फक्त समुद्रातून होत नाही. तळ्यातून, ओल्या मातीतून, झाडांच्या पानांतूनही होते. तक्त्यावर १ आकडा समुद्राजवळ दिसला, की मुलं तळ्याची वाफ विसरूनच जातात.